राजमा-हरभऱ्यानं पोटात गुबारा धरतो तेव्हा: बोअरच्या पाण्यातला माझा अनुभव

राजमा रात्री भिजत घालायचा आणि सकाळी त्याच पाण्यासकट कुकरला लावायचा, ही पद्धत बऱ्याच घरांत आहे. पोट फुगण्याचं खरं कारण त्या पाण्यात असतं. राजमा, हरभऱ्यातल्या काही साखरा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं.

माझी पद्धत अशी. एक वाटी राजम्याला चार वाट्या पाणी घालून उकळी आणते, तीन मिनिटं खळखळू देते, गॅस बंद करून झाकण ठेवते. चारेक तासांनी पाणी ओतून दाणे दोनदा धुते. थंड पाण्यात भिजवण्यापेक्षा यात साखरा जास्त निघतात. शिवाय मराठवाड्याच्या मे महिन्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी फेसाळतं, आंबूस वास मारतं. थंड पाण्यातच भिजवायचं असेल तर उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्ये ठेवा.

आता बोअरचं पाणी. जड पाण्यातला चुना दाण्याच्या सालीला घट्ट करतो, त्यामुळे सहा शिट्ट्या होऊनही आत गाठ राहते. भिजवायला आणि शिजवायला जारचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी घेतलं की फरक लगेच कळतो. ते नसेल तर भिजवताना पाव चमचा खायचा सोडा टाका आणि नंतर दाणे नीट धुवा, नाहीतर साबणासारखी चव येते. टोमॅटो, चिंच, आमसूल दाणे मऊ झाल्यावरच घाला. आंबटात दाणा मऊ होत नाही.

शिजला की नाही ते शिट्ट्या मोजून ठरवू नका. दाणा चिमटीत दाबला की लोण्यागत दबला पाहिजे. मधोमध कापल्यावर पांढरा, खडूसारखा ठिपका दिसला तर पुन्हा दोन शिट्ट्या करा. राजम्याच्या बाबतीत हे गॅसपुरतं नाही. कच्चट राजम्यातल्या एका विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर नुसता कोमट राहिलेला राजमा तर अजिबात खाऊ नये.

हरभऱ्याला मोड आणले की त्या साखरा आणखी कमी होतात, कारण कोंब फुटताना दाणा स्वतःच त्या वापरतो. ओल्या फडक्यात बांधून दाण्याएवढा मोड आला की उसळ करावी. हरभरा डाळीचं मात्र उलटं होतं. पुरणासाठी डाळ शिजवताना साखरा येळवणीत उतरतात आणि तिचीच आपण आमटी करतो. म्हणून पुरणपोळी बाधत नाही पण आमटीच्या दोन वाट्या बाधतात, असं होऊ शकतं.

पानकोबीनंही पोट फुगतं, पण ती भिजवून काही होत नाही. बारीक चिरून, भरपूर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून निथळून घ्यायची आणि मग फोडणीला टाकायची.

हे सगळं करूनही थोड्या साखरा उरतातच. ज्यांना सवय नाही त्यांनी पहिले दोन आठवडे अर्धी वाटी उसळच घ्यावी, तीही दुपारी.