आमची वाटचाल : ‘हाताला कळतं’ हे कागदावर आणताना

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांसाठी आम्ही सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाचा मजकूर तयार करतो. पहिल्या संचात नेतृत्वाचे प्रकार, प्रेरणा, संवादकौशल्य असं सगळं होतं. वर्गात माना डोलायच्या, शॉपवर फरक शून्य. मशीनवरून बढती मिळालेल्या माणसाची अडचण वेगळीच असते. नव्या पोराचं चुकलं की तो त्याच्या हातातला पाना घेतो आणि काम स्वतःच उरकतो. काम होतं, पोरगं कोरंच राहतं.

म्हणून आम्ही अमेरिकेत १९४० साली सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ची काम शिकवण्याची पद्धत घेतली. तिचा गाभा म्हणजे एका पानाचा तक्ता: पायरी, त्यातली कळीची गोष्ट आणि तिचं कारण. कळीची गोष्ट तीच, जिच्यावर काम साधणं किंवा बिघडणं, इजा टळणं किंवा काम सोपं होणं अवलंबून असतं.

उदाहरणाला आम्ही बेंच ग्राइंडरचं चाक बदलणं घेतो. सुपरवायझर पहिल्यांदा लिहितो, “चाक बसवा, नट आवळा.” किती आवळायचा, विचारलं तर उत्तर येतं, “हाताला कळतं.” हेच कागदावर उतरवायचं असतं. चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फ्लँजमध्ये ते घसरणार नाही एवढाच नट आवळायचा, कारण जास्त ताणला तर फ्लँज वाकते, चाकाला तडा जातो. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर हवेत, म्हणजे दाब सारखा बसतो. त्याआधी व्हिट्रिफाइड, म्हणजे चिनीमातीसारखं भाजून घडवलेलं चाक बोटावर टांगून हत्याराच्या लाकडी मुठीनं हलकेच वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बाजूला. चाक ओलं असेल किंवा त्यावर भुसा असेल तर चांगलंही बद्द वाजतं, हे मात्र बरेच अनुभवी लोकही सांगायचं विसरतात. चाकावरचा कमाल आरपीएम मशीनच्या वेगाहून कमी नको. गार्ड लावून बाजूला उभं राहायचं आणि मिनिटभर मोकळं फिरवायचं.

तक्ता झाला तरी शिकवताना घोळ होतोच. चौदा मुद्दे एका दमात सांगून सुपरवायझर शेवटी विचारतो, “समजलं ना?” पोरगं “हो साहेब” म्हणतं. हा प्रश्न आम्ही मजकुरातून काढूनच टाकला. आता पोरानं आधी काम करून दाखवायचं आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची. दुसऱ्या खेपेला काम करता करता कळीच्या गोष्टी कारणांसह त्यानंच बोलायच्या. ‘वॉशर का?’ इथे तो अडखळला, तर ती पायरी पुन्हा. या वेळी सुपरवायझरचे हात पाठीमागे. पुढच्या पाळ्यांत तो अधूनमधून चक्कर मारतो आणि हळूहळू फेऱ्या कमी करतो.

कालपर्यंत बरोबर चहा पिणारा दोस्त मुद्दाम ऐकत नसेल, तर हा तक्ता कामाचा नाही. तिथे शिकवण्यात खोट नसते, त्यासाठी आमचं सत्र वेगळं आहे.