बरां

मावशीने काल रात्री एकच शब्द पाठवला. 'बरां.' सकाळपासून तोच डोक्यात घुमतोय.

तन्मयचा निकाल लागल्यापासून फोन थांबला नव्हता. रात्री मोजले तर 143 मेसेज. लाईट गेलेली, बॅटरी 18 टक्के. पडवीत बसून मी 'आपल्या प्रेमळ शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार' असं एक वाक्य जुळवलं आणि चिकटवत सुटले. चाळीसेक झाल्यावर समोरच्याने काय लिहिलंय ते वाचणंही सोडलं. लावणीला हात चालतात तसा अंगठा चालत होता.

मावशीने लिहिलं होतं, 'आज भाऊ होये होते. शाळेच्या पयल्या दिवसाक तेंनीच झिलाक छत्रीत घेवन पोचवल्यानी.'

यात शुभेच्छा कुठे होत्या, आभार मानायला? आणि 'आपल्या'! जिला जन्मभर अगो-तुगो केलं, तिला मी बँकेसारखं पत्र धाडलं. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण मला कळेपर्यंत तास उलटला होता. पुसला असता तरी पुसल्याची खूण राहते, ती मावशीला दिसलीच असती.

आधी रागच आला. वर्षभर रात्री दोनला त्याला चहा करून दिला तेव्हा या 143 जणांतलं कोण होतं? आता मात्र प्रत्येकाला वेगळं उत्तर हवं. भाऊंचं तर... जाऊ दे.

मग पुन्हा लिहायला बसले. नुसतं 'मावशी,' पुढे जोडून पाहिलं, पण वाक्य तेच. वाडीत दोघी जावा शेजारी बसून फोन दाखवतात, त्यात नावापुरता बदल लगेच उघडा पडतो. दुसऱ्या वेळी बारा ओळी झाल्या, त्यातल्या दहा माझ्याच रडगाण्याच्या. त्या पुसल्या. तिने छत्री काढली होती, मग मीही छत्रीपाशीच थांबले:

'मावशी, ती छत्री अजून खुंटीक आसा. आज तन्मयान उघडून बघितल्यान. एक काडी मोडली हा.'

आभार हा शब्द त्यात आलाच नाही. घालून पाहिला होता, पण पाहुण्यासारखा कडेला उभा राहिला.

बाकीच्यांचं सोपं निघालं. ज्यांनी नुसते हात जोडले त्यांना हातच जोडले. ग्रुपवर सगळ्यांना मिळून एक लिहिलं, नावं न घेता, कारण चार घेतली की पाचवा रुसतो. गणिताच्या सरांना मात्र 'आपण'च, आणि त्यांनी विचारलेले त्या एका पेपरचे गुण. 'मनःपूर्वक' सगळीकडून काढलं. संध्याकाळपर्यंत 31 झाले. उरलेल्यांना चिकटवलेलंच गेलंय, त्यांचं नशीब.

आत्ता मावशीचं आलं.

'काडी घालून घे गो. पावस खंय गेलो हा अजून.'