ट्रान्झिस्टरवरचं गाणं

मालवणच्या त्या घरात काकूंनी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आणि झाकण उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला. "लोणच्याची बरणी फुटली की काय," म्हणून त्या दोन वर्षं माळा हुंगत होत्या. मला मात्र तिथेच धस्स झालं. जुन्या ध्वनिफितींचा अॅसिटेट पाया कुजायला लागला की हाच वास येतो आणि कोकणातल्या दमट हवेत ते फार लवकर होतं.

जुने चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना त्यातल्या गाण्यांच्या परवानग्या मिळवणं हे माझं काम. काकूंच्या यजमानांनी 1984 साली एक मराठी चित्रपट काढला होता. त्याची स्वतःची गाणी बिनघोर होती, ती निर्मात्यानेच करून घेतली होती. अडलं होतं ते एका उसन्या गाण्यावर. कोळ्याची बायको वादळाच्या रात्री नवऱ्याची वाट पाहत बसलीय, कोनाड्यातल्या ट्रान्झिस्टरवर 1961 सालचं एक हिंदी गाणं लागलंय, ती त्यासोबत दोन ओळी गुणगुणते आणि गाणं चालू असतानाच दाराकडे बघून नवऱ्याला हाक मारते.

ट्रंकेत परवानगीचं पत्र सापडलं. एक पान, टाइप केलेलं, खाली शिक्का. गाणं वापरायला मुभा होती ती 'चित्रपटाच्या 35 मिमी प्रतींच्या, भारतातील चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठी'. त्या काळी याहून वेगळं कुणाला सुचणार? पण आज तोच चित्रपट डिजिटल प्रतीवरून दाखवायचा आणि मग ओटीटीवर जगभर द्यायचा, तर त्या पत्रात यातलं काहीच बसत नाही. गाणं गळलं की प्रेक्षक सेन्सॉरला शिव्या देतात. बहुतेक वेळा कात्री चालते ती अशा एका ओळीमुळे.

आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठांनी आधीच निकाल देऊन टाकला होता, की 1961 चं म्हणजे साठ वर्षं झाली, मोकळं झालं. अर्धं बरोबर होतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, म्हणजे 2021 अखेरीस तो भारतात संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात. या गाण्याचा गीतकार 1980 मध्ये गेला आणि संगीतकार 1987 मध्ये. म्हणजे शब्द 2040 अखेरपर्यंत अडकलेले आणि चाल 2047 पर्यंत. तबकडी मोकळी झाली, पण तिच्यावर जे वाजतं ते नाही. म्हणूनच दुसऱ्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घेण्याचाही उपयोग नव्हता. इतकंच काय, नायिकेच्या गुणगुणण्यालाही परवानगी हवी होती.

चाल आणि शब्दांचे हक्क असलेल्या कंपनीने जगभरासाठी जो आकडा सांगितला, तो अख्ख्या चित्रपटाचा आवाज स्वच्छ करण्याच्या खर्चाहून मोठा होता. तोही पाच वर्षांपुरताच. सगळे प्रदेश एकत्र घ्या, नाहीतर राहू द्या. या 'राहू द्या'चा मला अजून राग येतो.

उरला मार्ग गाणं बदलण्याचा आणि त्यासाठीच मी मालवणला गेले होते. चित्रपटाच्या प्रिंटवर संवाद, लाटा, वारा, गाणं सगळं एकाच पट्टीत मिसळलेलं असतं. मिसळण्याआधीची संवादांची वेगळी चुंबकीय फीत मिळाली असती, तर ट्रान्झिस्टरवर दुसरं काही वाजवता आलं असतं. ती मिळाली. डब्याचं झाकण काढलं तर रीळ आकसून वाकडं झालेलं, थर एकमेकांना चिकटलेले, बोट लावताच तपकिरी भुकटी निघाली. सॉफ्टवेअरने प्रिंटवरून गाणं उपसून पाहिलं होतंच, पण हाक पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी उरली. आणि हाक वाचली असती तरी ओठांचं काय? ते त्याच दोन ओळींवर हलतात.

काकूंना मी सांगितलं की सत्तेचाळीस सेकंद कापावे लागतील, हाकेसकट.

"पैसे देवन घेतल्ला गाणा ता," त्या म्हणाल्या. "चोरून नाय घेतल्ला."

ते खरंच होतं. पावती पत्राला टाचलेली होती. मी त्यांना पत्रातली ओळ वाचून दाखवली, काय विकत घेतलं होतं आणि काय नाही ते समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे जुनी प्रिंट लावली तर चलात?"

चालेल. 35 मिमीची प्रिंट भारतातल्या चित्रपटगृहात लावायला ते पत्र आजही पुरेसं आहे, त्यात मुदतच घातलेली नाही. प्रिंट आमच्याकडे सुस्थितीत आहे, त्या सत्तेचाळीस सेकंदांसकट. कुडाळला परत जाताना रिक्षात मी ओळखीच्या चित्रपटगृहांना फोन लावत होते. पाचही जणांनी सांगितलं की 35 मिमीचं मशीन भंगारात गेलं.