तुम्ही विचारलंत म्हणून: फुल रेंज, तरी कॉल कट

«हॉस्टेलच्या जिन्यात रेंज फुल दिसते, तरी कॉल तिथेच का कट होतो?»

दांड्या सांगतात ते अर्धंच असतं. टॉवरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतो, एवढंच त्या दाखवतात. तुमच्या फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचतो का, हे त्यांच्यावरून कळत नाही. आणि इमारतीत रिपीटर, म्हणजे सिग्नल मोठा करून पुढे पाठवणारं यंत्र, बसवलेला असेल, तर नेमकी ही दुसरी बाजू बिघडलेली असू शकते. एका हॉस्टेलमधल्या मुलीने ती कशी पकडली, ते सांगतो.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीत उभं राहून घरी फोन लावला की बोलणं नीट व्हायचं. बोलत बोलत जिन्याकडे गेली, की आई म्हणायची, «अगं, ऐकू येत नाही, बोल ना.» हिला मात्र आईचा शब्द न् शब्द स्पष्ट. मग काही सेकंदांत कॉल तुटायचा. खराब रेंजमध्ये सहसा दोघांचाही आवाज तुटक होतो. इथे एकाच बाजूचा जात होता, आणि सगळ्यात मोठा धागा हाच होता.

आधी तिने सेटिंगमध्ये जाऊन वाय-फाय कॉलिंग बंद केलं. ते चालू राहिलं तर कॉल वाय-फायवरून जातो आणि चाचणीचा काही उपयोग राहत नाही. मग डायलरवर हे टाकलं:

```
*#*#4636#*#*
```

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर याने एक मेनू उघडतो. त्यात `Phone information` मध्ये सिग्नल dBm मध्ये दिसतो. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. खिडकीत -104 होता, म्हणजे जेमतेम. जिन्यात -72, म्हणजे उत्तम. तरीही जिन्यात लावलेल्या 8 कॉलपैकी 7 तुटले, खिडकीतल्या 8 पैकी एकही नाही. मैत्रिणीच्या त्याच कंपनीच्या सिमवर, वेगळ्या फोनवरही तसंच झालं. म्हणजे तिचा फोन आणि सिम दोन्ही सुटले.

जिन्याच्या छताला एक छोटा पांढरा घुमट होता. तो रिपीटरचा आतला अँटेना. दुसरा अँटेना गच्चीवर, टॉवरकडे तोंड करून, आणि दोघांच्या मधे केबलला जोडलेला डबा. या डब्यात दोन वेगळे अॅम्प्लिफायर असतात, कारण येणारा आणि जाणारा सिग्नल सहसा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. एक टॉवरचा सिग्नल मोठा करून खाली आणतो, दुसरा फोनचा सिग्नल मोठा करून वर पाठवतो. दुसरा मेला आणि पहिला जिवंत राहिला, तर फोनची चक्क फसगत होते. येणारा सिग्नल जोरदार दिसला की फोन समजतो टॉवर जवळ आहे, आणि बारीक ताकदीवर बोलायला सुरुवात करतो. टॉवरने मागितलं तरी त्याची मजल सहसा 200 मिलिवॉटपर्यंतच, आणि जिन्याच्या भिंतींतून त्या टॉवरपर्यंत तेवढं पुरत नाही. बरं, येणारा सिग्नल छान असल्यामुळे दुसरा टॉवर शोधायचं कारणही फोनला दिसत नाही. तो तिथेच अडकून राहतो आणि कॉल तुटतो.

आता शेवटची चाचणी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: रिपीटर बंद करून बघणं. हे तिने स्वतः केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. डबा उघडणं तर नाहीच. तिने आकड्यांचा कागद वॉर्डनबाईंना दाखवला आणि इलेक्ट्रिशियनकडून 10 मिनिटं डब्याचा स्विच बंद करून घेतला. जिन्यातला आकडा -72 वरून -111 वर घसरला, फोनवर एकच दांडी उरली. पण फोन आता दुसऱ्या टॉवरकडे वळू शकत होता, आणि 6 मिनिटं कॉल टिकला. आवाज मधूनमधून खरखरत होता, पण दोन्हीकडे जात होता. स्विच चालू केला, पुढचा कॉल 20 सेकंदांत गेला.

बंद केल्यावरही कॉल तुटलेच असते, तर दोष रिपीटरवर टाकता आला नसता. तिथे मुळात सिग्नलच अपुरा आहे, एवढंच कळलं असतं.

रिपीटरची दुरुस्ती मोबाईल कंपनीच्या परवानगीने बसवणाऱ्यांकडूनच करून घ्यावी. बिघडलेला किंवा मनाने लावलेला डबा आसपासच्या इतरांचेही कॉल खराब करू शकतो. तंत्रज्ञाने तपासलं, तेव्हा वर पाठवणारा अॅम्प्लिफायर काहीच बाहेर टाकत नव्हता. डबा बदलला. तिने पुन्हा जिन्यात उभं राहून 8 कॉल लावले, आठही टिकले. स्क्रीनवरचा आकडा आधीचाच होता, -72.