उत्तर नको, आराम पडू दे

बेळगावात माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘आराम?’ कन्नड बोलणारा ‘आराम इद्दीरी?’ म्हणतो, मराठी बोलणारा ‘आराम हाय न्हवं?’ उत्तर ठरलेलं असतं, ते ऐकायला कुणी थांबतही नाही. पंचाईत होते ती समोरच्याला खरंच आराम नसतो तेव्हा. त्यातही ते माणूस दोनच भेटींचं असेल, आणि तिसरी व्हावी असं मनात असेल, तर बोटं मोबाइलवर नुसती घुटमळतात.

समजा, ती शहापूरची, तो टिळकवाडीचा. दुसऱ्या भेटीत कुंदा चांगला गडद असावा की फिकट, यावर पाऊण तास वाद झालेला. आता जुलैचा पाऊस लागलाय आणि तिला ताप आल्याचं मैत्रिणीकडून कळलंय. तो लिहितो: ‘काय झालं गं? कधीपासून? डॉक्टरांना दाखवलंस का? काय म्हणाले? ताप किती आहे? काळजी घे. काही लागलं तर सांग. मी येऊ का?’

माया आहे, पण प्रश्न सहा आहेत. अंग ठणकत असताना सहा उत्तरं टाइप करणं म्हणजे परीक्षेला बसणंच. ‘डॉक्टर काय म्हणाले’ हे विचारायचा हक्क घरच्यांचा. ‘काही लागलं तर सांग’ यात तर काय मागायचं, ते शोधायचं कामही आजाऱ्याच्याच गळ्यात. आणि ‘मी येऊ का’ याला ‘नको’ म्हणणं अवघड, ‘ये’ म्हणणं त्याहून अवघड, कारण दार आई उघडणार.

आईवरून आठवलं. आजारी माणसाचा फोन त्याच्या उशाशी असतोच असं नाही. तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि मेसेजच्या पहिल्या एक-दोन ओळी लॉक स्क्रीनवर कुणालाही दिसू शकतात. म्हणून पहिली ओळ आईने मोठ्याने वाचली तरी चालेल अशी हवी. बदामाचं चित्र तिथे नको. व्हॉइस नोट तर नकोच, ती अख्खं घर ऐकतं.

आता तोच मेसेज पुन्हा लिहू. सुरुवातीला कळलं कुठून, ते सरळ सांगायचं. ‘दोन दिवस ऑनलाइन दिसली नाहीस’ असं लिहिलं की काळजीपेक्षा पाळतच जास्त दिसते. मग दोघांमधलीच एखादी गोष्ट, म्हणजे फुलांच्या तयार चित्रापेक्षा हे वेगळं आहे हे कळतं. शेवटी सुटका: उत्तराची गरज नाही. ही सुटका स्पष्ट शब्दांत लागते, कारण निळ्या टिका पडल्या की न बोलणाऱ्यालाच अपराधी वाटायला लागतं.

‘ताप आलाय असं तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. कुंद्याचा खटला तहकूब, पुढची तारीख तू बरी झाल्यावर. तोवर पेज आणि लोणच्याची फोड यांचंच राज्य. उत्तर नको, झोप की.’

चार वाक्यं, प्रश्न एकही नाही. कुंदा घेऊन येतो, असं मात्र लिहू नये. तापात आटवलेल्या दुधाचा गोड पदार्थ नकोसा होतो, आणि डबा घरी पोहोचला की तो कुणी दिला याची चौकशी होते. तारीखही ‘बरी झाल्यावर’ एवढीच. ‘रविवारी भेटू’ लिहिलं तर रविवारपर्यंत बरं व्हायची जबाबदारी तिच्यावर. आणि भेटीत ‘तुम्ही’ चाललं असेल तर इथेही ‘तुम्ही’च, तापाचा फायदा घेऊन ‘तू’वर उतरू नये.

थट्टा मात्र बेतानं. साध्या सर्दीतापाला खटला शोभतो. सलाईन लावलंय, रक्त तपासायला दिलंय असं कळलं, तर कुंदा गाळावा आणि पहिलं नि शेवटचं वाक्य तेवढं ठेवावं.

पाठवायची वेळ सकाळी दहा-अकराची बरी. ताप बहुधा संध्याकाळी चढतो, आणि रात्री अकराला आलेला कितीही साधा मेसेज साधा वाटत नाही. पाठवून झाल्यावर खरी कसोटी. उत्तर नको म्हणायचं आणि संध्याकाळी ‘?’ टाकायचा, यानं सकाळची सगळी मेहनत वाया जाते. मेसेज खोडावा तर खोडल्याची खूण तिकडे राहतेच, मग काय लिहिलं होतं याचा तर्क सुरू. दोन दिवस गप्प बसावं. तिसऱ्या दिवशी फार तर एक ओळ, तीही विचारपूस नसलेली: ‘आज टिळकवाडीत ऊन पडलं, साडेचार मिनिटं.’

त्यावर तिकडून आलंच, ‘लोणचं संपलं,’ तर ताप उतरायला लागलाय असं समजावं. तोंडाला चव आली. लगेच बरणी घेऊन निघू नये. ‘ही नोंद खटल्यात घेतली’ एवढं लिहावं आणि फोन खाली ठेवावा.