धुलाईच्या ॲपची चिठ्ठी, नव्या फ्लॅटमेटसाठी

आमच्या फ्लॅटमध्ये नवी मुलगी राहायला येतेय, मराठीच आहे. घरात वॉशिंग मशीन नाही. तळघरात साऱ्या इमारतीची मिळून मशीन्स आहेत आणि ती मोबाइलवरच्या ॲपने चालतात. तिच्यासाठी लिहिलेली ही चिठ्ठी इथेही टाकतेय. इकडे शिकायला येणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावी.

ॲप उघडलंस की पहिल्या स्क्रीनवर मशीनचे नंबर दिसतील आणि प्रत्येकासमोर Available किंवा In use. Available म्हणजे मशीन चालू नाही, एवढंच. आत कुणाचे तरी धुतलेले कपडे पडलेले असू शकतात, कारण सायकल संपली की ॲपच्या लेखी मशीन मोकळं. म्हणून पैसे भरण्याआधी दार उघडून बघ. ड्रायर एकावर एक रचलेले आहेत आणि वरच्या-खालच्याचे नंबर वेगळे. QR कोड स्कॅन केलास तरी स्क्रीनवरचा नंबर आणि तुझ्या ड्रायरवरचा नंबर एकदा जुळवून घे, नाहीतर पैसे तुझे आणि गरम हवा शेजाऱ्याच्या चादरींना.

आता मुख्य गोष्ट. Pay दाबलंस की ॲप मशीनला फक्त ‘पैसे आले’ असं कळवतं. जुन्या काळी खाचेत नाणं टाकायचे, तेवढंच काम ते करतं. धुणं सुरू होतं मशीनवरचं START दाबल्यावर, तेही दार नीट बंद असेल तर. ॲपवर Press START on machine असं येतं, पण ते बारीक अक्षरात. त्याखाली मिनिटं मोठ्या आकड्यांत उलटी मोजायला लागतात, म्हणून नवीन माणूस निश्चिंतपणे वर निघून जातो. तासाभराने खाली आलं की ॲप म्हणतं झालं, आणि कपडे कोरडेच. तेव्हा पाणी भरल्याचा आवाज ऐकल्याशिवाय जिना चढू नकोस.

कधी पैसे भरताना चक्र फिरतच राहतं, कारण तळघरात रेंज जेमतेम. अशा वेळी Pay पुन्हा दाबू नकोस, आधी मशीनच्या डिस्प्लेकडे बघ. तिथे अजून रक्कम दिसत असेल तर पैसे पोचलेले नाहीत. START चा दिवा लुकलुकत असेल तर पोचलेत, ॲपला उशिरा कळेल. न बघता दुसऱ्यांदा दाबलंस तर एका धुण्याचे दोनदा पैसे जातात.

उरलेल्या वेळेचा आकडाही अंदाज असतो. समज, तू एकटं जाड पांघरूण टाकलंस. भिजल्यावर त्याचा गोळा होऊन ड्रमच्या एका बाजूला बसतो. जोरात फिरायच्या आधी मशीनला तोल गेलेला जाणवतो, मग ते थांबून, उलटसुलट फिरवून गोळा सोडवायला बघतं. तेवढा वेळ मशीनवरचा आकडा तिथेच अडकतो आणि ॲपवरचा मात्र शून्यावर येतो. शेवटी तोल जमला नाही तर मशीन हळूच फिरून सायकल संपवतं आणि पांघरूण पाणी गळत बाहेर येतं. तसंच ड्रायरमध्ये टाकलंस तर एका सायकलमध्ये वाळायचं नाव नाही. म्हणून पांघरुणासोबत दोन-तीन टॉवेल टाक, वजन सगळीकडे पसरतं. साबण जास्त झाला तरी फेस निघेपर्यंत वेळ लांबतो. काचेतून शेवटच्या खळबळण्यातही फेस दिसला, तर पुढच्या वेळी साबण निम्मा कर.

ड्रायरच्या स्क्रीनवर Add time असतं. ते ड्रायर फिरत असतानाच वापर. एकदा थांबला की थोडी मिनिटं विकत मिळत नाहीत, पूर्ण सायकल घ्यावी लागते. त्यामुळे संपायच्या थोडं आधी खाली जाऊन कपडे चाचपून बघ, विशेषतः जीन्सची कंबर आणि खिसे. ड्रायर लावण्याआधी लिंटची, म्हणजे कपड्यांतून निघालेल्या बारीक तंतूंची, जाळी साफ कर. आधीच्याने केली असेल असं धरून चालू नकोस. जाळी तुंबली की हवा खेळत नाही आणि मिनिटं फुकट जातात.

ॲपमधल्या वॉलेटमध्ये लागेल तेवढेच पैसे भर. ॲप मोठ्या रकमेचं बटण आधीच निवडून ठेवतं, ते बदलता येतं. घर सोडताना उरलेली रक्कम परत मागणं कटकटीचं आहे.

आणि मशीनने पैसे गिळलेच, तर तिथे उभी असतानाच डिस्प्लेचा फोटो काढ आणि Report a problem मध्ये मशीन नंबर व वेळ टाकून पाठव. आमच्याकडे परतावा कार्डवर येत नाही, वॉलेटमध्ये येतो. बँकेच्या हिशेबात शोधत बसू नकोस.