रजेवर गेलो, ओटीपी माझ्याच खिशात

वेर्ण्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच मी सांभाळतो. गेल्या वर्षी चवथीसाठी 26 ऑगस्टपासून दोन आठवडे रजा घेतली. 25 तारखेला, सोमवारी संध्याकाळी, पुण्याच्या गाडीचं, मालासोबत लागणारं जीएसटीचं ई-वे बिल काढलं, सहकाऱ्याला तीन पानांची हँडओव्हर नोट दिली आणि पेडण्याला घरी निघालो.

ऑटो-रिप्लाय असा होता : 'मी रजेवर आहे. अधूनमधून मेल बघेन. तातडीचं काही असल्यास माझ्या सहकाऱ्याशी संपर्क साधा.' सहकाऱ्याचा नंबर मात्र द्यायचा राहिला.

दर 200 किलोमीटरला एक दिवस, या हिशेबाने पुण्याच्या बिलाला तीन दिवस मिळाले होते, म्हणजे गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत. बुधवारी बेळगावजवळ गाडीचा गिअरबॉक्स गेला. मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढ्यातच बिलाची मुदत वाढवता येते. ट्रान्सपोर्टर आयडी आम्ही भरला नव्हता, त्यामुळे ते काम आमच्याच लॉगिनमधून करायचं होतं. गाडीवाल्याने गुरुवारी पाच वाजता मला मेल केला. 'अधूनमधून बघेन' वाचून तो बिचारा वाट बघत बसला. रात्री दहाला त्याने ऑफिसमधल्या कुणाकडून तरी सहकाऱ्याचा नंबर मिळवला.

सहकाऱ्याने नोट उघडली. युजर आयडी होता, पासवर्डही होता. पण पोर्टल आता ओटीपी मागतं आणि तो यायचा माझ्या मोबाइलवर. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला, मी माटोळीखाली घुमट वाजवत. (वाजवतो बेताचंच, पण माणसं कमी होती.)

शुक्रवारी सकाळी साडेसहाला नऊ मिस्ड कॉल दिसले. आठपर्यंतच वेळ होता. मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडवली, तर कराच्या दुप्पट दंड. फोन लावला.

"दादा, आता लॉगिन करतो, ओटीपी वाचून सांगा."

पहिला आकडा ऐकण्यात चुकला, दुसऱ्यांदा जमलं. कारण, गाडी आहे तिथला पिनकोड आणि उरलेलं अंतर भरून सव्वासातला मुदत वाढली.

मी नोटमध्ये प्रलंबित कामं लिहिली होती, रस्त्यावरच्या गाड्या नव्हत्या. बिल निघालं की माझ्या लेखी काम संपलेलं असायचं.

त्याच सकाळी सोप्यावर बसून ऑटो-रिप्लाय बदलला : '8 सप्टेंबरपर्यंत मी मेल बघणार नाही. रस्त्यावरच्या गाडीसाठी मेल करू नका, या नंबरवर फोन करा.' खाली सहकाऱ्याचा नंबर. नोटच्या पहिल्या पानावर चालू गाड्या आल्या : बिल नंबर, चालकाचा फोन, मुदत कधी संपते आणि कुठल्या वेळेपासून वाढवता येते. मालकांना सांगून मुख्य लॉगिनमधून सहकाऱ्याच्या नावाने, त्याच्या मोबाइलवर, वेगळा सब-युजर काढून घेतला. मुदत वाढवण्याचा अधिकार त्याला द्यायला लावला.

मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा मी दचकलोच. शेवयांची खीर उरली आहे का, एवढंच विचारत होता.